निवद, प्रसाद आणि तीर्थ: माइकवर नेमकं काय सांगायचं?

आमच्या गावच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनानंतर माइकवरून एकच वाक्य ऐकू येतं: "सर्व भाविकांनी तीर्थप्रसादाचा लाभ घेतल्याशिवाय जाऊ नये." वाक्य चांगलंच आहे आणि मी ते लहानपणापासून ऐकतोय. पण गेल्या वर्षी तेच वाक्य ऐकून लोक तीन दिशांना पळाले. काही जण देवळाच्या ओट्यावरच्या निळ्या ड्रमकडे गेले आणि हातातल्या पाण्याच्या बाटल्यांत पंचामृत भरून घेऊ लागले. काहींनी थेट मंडपात पंगत धरली. दोन-चार बायका गाभाऱ्यात शिरल्या, आणि अजून देवापुढून उचललंही नव्हतं त्या ताटातली बुंदी लेकरांच्या हातावर ठेवू लागल्या. पुजारी ओरडत राहिले, माइकवाला तेच वाक्य घोळवत राहिला.

यंदा सप्ता कमिटीनं निवेदन लिहायचं काम माझ्याकडं दिलं. मी निवृत्त शिक्षक, म्हणजे असल्या कामाला हक्काचा माणूस. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की गोंधळाचं कारण गर्दी नाही, शब्द आहेत. नैवेद्य, प्रसाद आणि तीर्थ या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पिशवीत कोंबल्यात, आणि वरून त्या पिशवीला 'महाप्रसाद' असं नाव दिलंय. माझं म्हणणं असं की माइकवर हे तीन शब्द वेगळे उच्चारले पाहिजेत आणि कुठला कसा घ्यायचा हेही सांगितलं पाहिजे. यात शास्त्राचा बडेजाव नाही. तसं सांगितलं नाही तर माणसं आजारी पडतात, अन्न उकिरड्यावर जातं, आणि देवाला दाखवायचं ते देवाला दाखवलंच जात नाही.

आपल्या बोलीनं हा फरक कधीचाच करून ठेवलाय, आपण तो ऐकत नाही एवढंच. निवद 'दाखवतात'. प्रसाद 'वाटतात' आणि 'मिळतो'. तीर्थ 'घेतात'. निवद वाटला असं कुणी म्हणत नाही आणि प्रसाद दाखवला असंही नाही. (थट्टेतसुद्धा भाषा काटेकोर आहे. मार खाल्ला तर 'प्रसाद मिळाला', आणि झुलत घरी आला तर 'तीर्थ घेऊन आलाय'. उलटं कुणी बोलत नाही.)

निवदापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. निवद म्हणजे स्वयंपाक झाल्यावर कुणीही चव घेण्याआधी देवासाठी काढलेलं ताट. देवापुढं पाण्यानं चौकोन काढायचा, त्यावर ताट ठेवायचं, विठ्ठल-कृष्णाच्या ताटावर तुळशीचं पान, महादेवाला बेल. ताटाभोवती पाणी फिरवायचं, मग 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा' असं म्हणत सहा वेळा हात देवाकडं न्यायचा. मध्ये प्यायला पाणी, शेवटी हात धुवायला पाणी, तोंड धुवायला पाणी, हाताला चंदन, विडा. जेवायला बसलेल्या पाहुण्याला जे जे लागतं ते सगळं क्रमानं. फक्त एक वस्तू नसते. माणसाच्या ताटात डाव्या बाजूला आधी मीठ वाढतात, देवाच्या ताटात वेगळं मीठ वाढत नाहीत.

हे सगळं होईपर्यंत ते ताट देवाचं. त्याचा वास घेत उभं राहायचं नाही, त्यात हात घालायचा नाही, लेकरू मागतंय म्हणून त्यातली बुंदी द्यायची नाही. भाविकानं निवद 'घ्यायचा' नसतोच. त्या वेळी त्यानं करायचं ते एकच: थांबायचं. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. घरच्यांनी निवद देऊन पाठवलं, आणि देव खाईना म्हणून पोरगं हटून बसलं. आपण ती गोष्ट देव जेवला म्हणून सांगतो. मला त्यात पोराचं थांबणं दिसतं. ताट ठेवून घाईनं मागं फिरावं असं त्याला वाटलंच नाही. आमच्याकडं मात्र अर्धी पंगत उठते तेव्हा कुणाला तरी आठवतं, "अरे, मारुतीला निवद गेला का?" मग वाढप्याच्या बादलीतलं वरण एका द्रोणात घेऊन एक पोरगं पळत सुटतं. वाढून झालेल्या बादलीतलं काढलेलं ते शिळवड, त्याला निवद कसं म्हणायचं?

आणि मग मुद्दा येतो प्रसादाचा. प्रसाद म्हणजे देवाकडून परत आलेलं. दाखवलेलं ताट उचलायचं आणि त्यातला घास-घास ज्या त्या पातेल्यात परत मिसळायचा. बुंदीतला बुंदीत, वरणातला वरणात, भातातला भातात. त्या मिसळण्यानं सगळं पातेलं प्रसाद होतं. दीड हजार माणसांच्या स्वयंपाकात हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते पंगत बसण्याआधी व्हावं लागतं. झालं नसेल तर मंडपात वाढलं जातं ते अन्नदान आहे. अन्नदान काही कमी पुण्याचं नाही, पण त्याला महाप्रसाद म्हणू नये. पत्रिकेवर 'महाप्रसाद' छापलं की माणूस दोन गोष्टी करतो: नको असलं तरी नाही म्हणत नाही, आणि शंका आली तरी खातो. "प्रसाद बाधत नसतो," हे वाक्य आपल्याकडं किती घरांत ऐकू येतं ते आठवून बघा.

बाधतो. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या एका धार्मिक कार्यक्रमात महाप्रसाद घेतल्यावर दोन हजारांहून जास्त लोकांना विषबाधा झाली. उलट्या-जुलाबानं माणसं रात्री दवाखान्यात भरती झाली, खाटा पुरल्या नाहीत. देवाला दाखवल्यानं अन्न पवित्र होतं, ते टिकाऊ होत नाही. ज्या अन्नाला आंबूस वास येतो, तार सुटते, फेस येतो, ते प्रसाद असलं तरी खायचं नाही. मातीत पुरायचं. शेतात खड्डा करून पुरलं की त्यात देवाचा अपमान होत नाही, आपल्या बांधावरचं निर्माल्य आपण असंच पुरतो.

प्रसाद कसा घ्यायचा, याचा सगळ्यात कडक धडा मला लिंगायत शेजाऱ्यांच्या घरी मिळाला. लातूर, नांदेड, धाराशिव या पट्ट्यात गावोगावी लिंगायत घरं आहेत, आणि त्यांच्या अष्टावरणात पादोदक आणि प्रसाद ही दोन वेगळी आवरणं आहेत. तीर्थ वेगळं, प्रसाद वेगळा, दोन्हींना आपापली जागा. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाऊन आलेले आमचे शेजारी आप्पा जेवण झाल्यावर ताटात थोडं पाणी घालायचे, बोटानं ताट पुसून काढायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. लहानपणी मला हसू यायचं. एकदा हसलो तर आप्पा म्हणाले, "हसूलालास काय? परसाद हाय म्हनलं की एक शीत बी सोडायचं न्हाई. सोडायचं आसंल तर आदी वाढून घ्यू नको." प्रसाद घेण्याचा याहून सोपा नियम मला सापडलेला नाही. थोडा घ्या, उजव्या हातावर घ्या, खाली डावा हात धरा, आणि घेतलेला संपवा. पुन्हा हवा असेल तर पुन्हा मागा.

नांदेडला हुजूर साहिबच्या गुरुद्वारात गेलेल्यानं हा फरक डोळ्यांनी बघितलेला असतो. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, मूठभरच, तिथल्या तिथं संपवायचा. लंगर वेगळं, तिथं पंगतीत बसून पोटभर जेवायचं. दोन्हींत भेदभाव नाही, दोन्ही सगळ्यांना खुली. पण कुणी लंगरच्या ताटाला कडाह प्रसाद म्हणत नाही. आपणही काल्याचा प्रसाद आणि नंतरची पंगत अशा दोन गोष्टी वेगळ्या ठेवू शकतो. काल्याच्या लाह्या-दही मूठभर हातावर, हा प्रसाद. त्यानंतर मंडपातलं जेवण, ही पंगत. शब्दाची एवढी मांडणी बदलली तरी अर्धं ताट टाकून उठणारा माणूस निदान प्रसाद टाकल्याचं पाप घरी नेणार नाही, आणि मूठभर प्रसाद टाकणारा तर मला अजून भेटलेला नाही.

इथं एक जुना वाद आडवा येतो. आमच्या गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे, आणि एक म्हातारे तिथला प्रसाद घेत नाहीत. म्हणतात, शिवाचं निर्माल्य खायचं नसतं. त्यांना अडाणी म्हणून चालणार नाही, त्यांच्या बोलण्याला आधार आहे. शिवपुराणात हा प्रश्न सरळ घेतलाय. ज्या नैवेद्यावर चंड या शिवगणाचा अधिकार, तो माणसांनी खाऊ नये. जिथं चंडाचा अधिकार नाही, तिथला भक्तीनं खावा. आणि पुढं यादीच दिलीय: बाणलिंग, धातूचं लिंग, सिद्धांनी स्थापलेलं लिंग, स्वयंभू लिंग आणि सगळ्या मूर्ती, इथं चंडाचा अधिकार नाही. म्हणजे परळी, औंढा, वेरूळ या आपल्या मराठवाड्यातल्या तिन्ही ज्योतिर्लिंगांच्या प्रसादाबद्दल शंकेला जागा उरत नाही. म्हाताऱ्यांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग आपल्या गावचं लिंग स्वयंभू हाय का कुणी बसवलंय, ते सांग." उत्तर माझ्याकडं नाही, गावात कुणाकडंच नाही. त्यामुळं निवेदनात मी 'महादेवाचा प्रसाद सर्वांनी घेतलाच पाहिजे' असं लिहिलं नाही. लिंगाला चढवलेलं वेगळं आणि पुढ्यात ठेवलेल्या ताटातलं वेगळं, एवढं पाळलं तरी म्हाताऱ्यांचाही मान राहतो.

आता तीर्थ. खरा घोळ इथंच झाला होता.

गेल्या वर्षी पहाटे पाचला चाळीस लिटरच्या ड्रममध्ये दूध, दही, तूप, मध, साखर असं पंचामृत कालवून ठेवलं. काल्याचं कीर्तन संपलं बाराला. चैत्रातलं ऊन, पत्र्याचा मंडप. सात तासांनी झाकण काढलं तेव्हा वर पिवळट पाणी आणि खाली चोथा. तरीही वाटलं, कारण तीर्थ नाही कसं म्हणायचं? एकच स्टीलचा पेला, तोच तोंडाला लावायचा, तोच पुढच्याला. दुसऱ्या दिवशी किती घरांत लिंबू-सरबत आणि ओआरएसच्या पुड्या उघडल्या ते मी मोजलं नाही, पण आमच्या घरात दोन उघडल्या.

हिशोब करून बघा. देवळातली पळी साधारण पाच मिलीची. दीड हजार माणसांना एकेक पळी म्हटली तर साडेसात लिटर पुरतं. चाळीस लिटर कशासाठी? कारण आपण तीर्थ पेल्यानं द्यायला लागलो. तीर्थ हे पोट भरायचं पेय नाही. ते पळीनं, थेंबा-थेंबानं द्यायचं. म्हणून यंदा आम्ही ठरवलं: अभिषेकाचं पंचामृत ताजं, वाटीभरच करायचं. उत्सवमूर्तीचा अभिषेक तांब्याच्या नाही, चांदीच्या किंवा स्टीलच्या ताम्हणात करायचा, कारण आंबट दही तांब्याला लागलं की हिरवट कळा येते आणि मळमळतं. जुन्या बायका तांब्यात दूध-दही घालू द्यायच्या नाहीत त्या उगाच नाही. मग त्या पंचामृतातलं पळीभर, उकळून गार केलेल्या दहा लिटर पाण्यात, तुळशीची पानं टाकून. हे तीर्थ. गंगेच्या लोटीतला थेंब आपण हंडाभर पाण्यात घालतो तेव्हा हंडा गंगेचा होतो, तसंच हे.

एक गोष्ट निवेदनात मुद्दाम घातली. महादेवाच्या गोमुखातून वाहणारं पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका. त्यात भस्म असतं, कुजलेली फुलं असतात, गुलाल असतो, आणि ती नाली कधी घासली ते कुणालाच सांगता येत नाही. आपण ती ओलांडत नाही, प्रदक्षिणा तिथून मागं फिरवतो, एवढा तिचा मान आहे. तो मान पुरे.

आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची. वर्षाच्या आतल्या लेकराच्या जिभेवर पंचामृत लावू नका. त्यात मध असतो, आणि एक वर्षापर्यंत मध बाळाला द्यायचा नसतो. त्यातून बाळाला क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. बारशाला मध चाटवणाऱ्या आज्या यावर रागावतील, मला माहीत आहे. बाळाच्या कपाळाला तीर्थाचं बोट लावलं की झालं. ज्यांना डॉक्टरांनी बंदी केलीय, ज्यांना शंका आहे, त्यांनीही तेच करावं. तीर्थ डोळ्याला लावलं तरी ते घेतलंच.

तीर्थ हातावर कसं घ्यायचं हे मी आमच्या आजीकडं बघून शिकलो. उजवा तळहात खोलगट, अंगठा आत वळवून तर्जनीच्या मुळाशी दाबलेला, गाईच्या कानासारखा. डावा हात खाली, आणि डाव्या हातावर पदर, म्हणजे सांडलेला थेंब जमिनीवर जात नाही, पायाखाली येत नाही. आधी तीर्थ डोळ्यांसमोर धरायची, मग 'अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम्' म्हणत आवाज न करता ओठांनी टिपायची. शेवटचा चरण मात्र मोठ्यानं: 'जठरे धारयाम्यहम्'. मग तोच हात डोक्यावर पुसायचा का, यावर आमच्या घरात भांडण असे. आजी पुसायची, मोठे चुलते म्हणायचे, "तोंडाला लागलेला हात, उष्टा झाला, धुवा." माझं मत चुलत्यांच्या बाजूला आहे, पण भांडणात पडावं एवढं ते महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचा आहे तो क्रम: तीर्थ आधी, प्रसाद नंतर. 'तीर्थप्रसाद' या शब्दातच तो क्रम आहे. उलटं केलं तर प्रसादाच्या तुपाळ बोटांनी तीर्थ घ्यावं लागतं, आणि तेच हात मग पेल्यात, बाटलीत जातात.

लोक विचारतील, एवढं सगळं माइकवर सांगायचं तर कीर्तनापेक्षा निवेदनच लांबेल. नाही लांबत. मी लिहिलेलं हे आहे, घड्याळ लावून दीड मिनिटात होतं:

"माय-बाप हो, काल्याचं कीर्तन झालंय. आता मारुतीला, महादेवाला आणि विठ्ठलाला निवद जातोय. निवद दाखवून होईपर्यंत जागेवर बसा, गाभाऱ्यात येऊ नका. घंटा वाजली की निवद झाला. मग ओट्यावर तीर्थ मिळेल, पळीनं, एकेकाला एक पळी. हात पुढं करा, बाटली नाही. तान्ह्या लेकरांना तीर्थ पाजू नका, कपाळाला लावा. तीर्थ घेतलं की पुढं काल्याचा प्रसाद, मूठभर, तिथंच संपवायचा. कुणाला नको असेल तर हात जोडा, आग्रह होणार नाही. त्यानंतर मंडपात पंगत आहे. पंगतीत लागेल तेवढंच वाढून घ्या, दुसऱ्यांदा वाढायला वाढपी येतील. अन्नाला वास आला तर वाढप्याला सांगा, लाजू नका. देवाचं नाव घेऊन बसा."

कमिटीत यावर एकच आक्षेप आला, आणि तो रास्त होता. एक सदस्य म्हणाले, "मास्तर, 'महाप्रसाद' शब्द काढला तर देणगीदार नाराज होतील. पत्रिकेवर त्यांचं नाव महाप्रसादाखाली असतं." मी म्हटलं, पत्रिकेवर 'काल्याचा प्रसाद आणि अन्नदान' लिहू आणि नाव दोन्हीखाली येऊ दे. त्यांना ते पटलं. देणगीदाराला नाव दोनदा छापल्याचं दुःख होत नाही.

मोठा बदल स्वयंपाकघरात करावा लागला. आचारी लातूरहून येतात, दीड हजार माणसांचं वरण एकटे उतरवतात. त्यांची अडचण खरी होती: चव बघितल्याशिवाय मीठ कसं कळणार, आणि चव बघितली तर निवदाआधी उष्टं झालं. आम्ही ठरवलं, सगळ्या पदार्थांतला एकेक डाव आधी निवदासाठी बाजूला काढायचा, चव न बघता. मग चव बघून मीठ सावरायचं, आणि निवद परत आला की तो पातेल्यात मिसळायचा. निवदाचं वरण कदाचित आळणी राहील, पण देवाच्या ताटात मीठ वाढायचं नसतंच.

काल्याच्या दिवशी साडेअकराला मी मागं गेलो. चुलीवर वरण रटरटत होतं, आचाऱ्याच्या हातात पळा, घाम गळ्यावरून वाहतोय. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "निवदाचं काढलं का सर?" मी हो म्हटलं. त्यांनी पळ्यातला एक थेंब तळहातावर टाकला, जिभेवर घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मिठाच्या पोत्यात मूठ घातली.